बाँड मोडला तर नेमकं किती भरायचं? शिष्यवृत्तीच्या अटींबद्दल वाचकांचे प्रश्न

दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी शिष्यवृत्ती मिळाली आहे. शिक्षणानंतर परत येऊन तीन वर्षं नोकरी केली नाही, तर ‘शिष्यवृत्तीची संपूर्ण रक्कम व्याजासह’ परत करावी लागेल, असा बाँड पत्रात आहे. हा आकडा साधारण किती होतो?

तो शिष्यवृत्तीच्या रकमेवर जितका अवलंबून असतो, तितकाच तीन बारीक गोष्टींवर असतो. पहिली, ‘संपूर्ण रक्कम’ म्हणजे काय. कराराच्या सुरुवातीच्या व्याख्या वाचा. तुमच्या खात्यात आलेला निर्वाह भत्ता हा बहुतेक वेळा लहान हिस्सा असतो. विद्यापीठाला परस्पर भरलेली फी, विमानाचं तिकीट, विमा आणि कधी कधी भाषावर्गाचा खर्चही त्यात धरलेला असतो. जो पैसा तुम्ही डोळ्यांनी पाहिलाच नाही, तोही तुमच्याच नावावर असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे केलेल्या सेवेची वजावट मिळते की नाही, आणि तिसरी म्हणजे व्याज कधीपासून धरतात. एक हिशेब करून पाहू. समजा, दोन्ही वर्षांच्या सुरुवातीला 30,000 असे एकूण 60,000 खर्च झाले. तुम्ही परत आलात, एक वर्ष नोकरी केलीत आणि बाहेर पडलात. म्हणजे तीनपैकी दोन वर्षं उरली.

करारात ‘उर्वरित कालावधीच्या प्रमाणात’ असं असेल आणि व्याज नसेल, तर 60,000 चे दोन तृतीयांश, म्हणजे 40,000 भरायचे. ते शब्द नसतील तर एक वर्षाची नोकरी हिशेबात शून्य, पूर्ण 60,000 भरायचे. आता त्यात दरसाल 10 टक्के चक्रवाढ व्याज घाला आणि ते पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजा. पहिल्या हप्त्याला तीन वर्षं झाली, त्याचे 39,930 होतात. दुसऱ्याला दोन वर्षं झाली, त्याचे 36,300. एकूण 76,230. एकच माणूस, एकच शिष्यवृत्ती, पण 40,000 आणि 76,230 यांतला फरक दोन वाक्यांनी पडला.

10 टक्के हा दर मी हवेतून घेतलेला नाही. सिंगापूरच्या ट्युशन ग्रँट या फी-अनुदान योजनेत परदेशी विद्यार्थ्यांनी पदवीनंतर तीन वर्षं सिंगापूरमधल्या संस्थेत काम करायचं असतं, आणि तो करार मोडल्यास 10 टक्के चक्रवाढ व्याज लागतं. तिथला बाँड मायदेशी परतण्याचा नसून थांबण्याचा आहे, हेही लक्षात असू द्या. बाँड म्हटलं की परत यायचंच असतं, असं धरून चालू नका.

तुमच्या पत्रात व्याज ‘मागणी केल्यापासून’ आहे की ‘वितरणापासून’ हे स्पष्ट नसेल, तर सही करण्याआधी लेखी विचारा. चलनाचंही विचारा. खर्च परकी चलनात झाला आणि वसुली मायदेशी चलनात असेल, तर विनिमय दर कोणत्या दिवसाचा, हेही करारात असलं पाहिजे.

मास्टर्सनंतर तिथेच पीएचडी मिळाली तर? परत न येण्याचा माझा हेतू नाही, फक्त उशीर होईल.

हेतूला इथे किंमत नाही, तारखेला आहे. बहुतेक करारांत ‘अभ्यासक्रम संपल्यापासून अमुक दिवसांत परतणे’ अशी अट असते. ती मुदत उलटली की करार मोडला असं धरलं जातं, मग तुम्ही प्रयोगशाळेत असा की हॉटेलात. काही योजना उच्च शिक्षणासाठी मुदतवाढ देतात, पण ती आधी मागावी लागते. मास्टर्स संपून चार महिने झाल्यावर अर्ज पाठवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. तोवर मागणीपत्र घरी पोचलेलं असतं.

मुदतवाढ मिळाली तरी बाँड संपत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. पीएचडीनंतर तीच तीन वर्षं उभी असतात. मंजुरीपत्रात दोन गोष्टी आहेत का ते बघा: नवी परतण्याची तारीख, आणि मधल्या काळात व्याज चढणार की नाही. अधिकाऱ्याने फोनवर ‘हरकत नाही’ म्हटलं, तर त्याच दिवशी ईमेल करून ते लेखी मागा. पाच वर्षांनी त्या खुर्चीवर दुसरा कोणी असेल.

मला फुलब्राइट मिळाली आहे. समजा, अमेरिकेतच चांगली नोकरी मिळाली, तर पैसे भरून मोकळं होता येईल का?

नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. फुलब्राइट ही अमेरिकी सरकारची शिष्यवृत्ती. तिचे विद्यार्थी साधारणपणे जे-1 या विनिमय व्हिसावर जातात, आणि अमेरिकी इमिग्रेशन कायद्याचं कलम 212 (ई) त्यांना लागू होतं. त्यानुसार मायदेशात एकूण दोन वर्षं प्रत्यक्ष राहिल्याशिवाय नोकरीसाठी लागणारा एच किंवा एल प्रकारचा व्हिसा आणि ग्रीन कार्ड मिळत नाही. यात भरायची रक्कमच नसल्यामुळे पैशाने ते सुटत नाही. दोन वर्षं सलग नसली तरी चालतात, पण तिसऱ्या देशात काढलेला काळ मोजला जात नाही. जे-2 व्हिसावर सोबत आलेल्या जोडीदारालाही हेच बंधन येतं, आणि घरी ते आधी कोणी सांगत नाही.

सूट मागता येते. त्यातला एक मार्ग म्हणजे आपल्या सरकारचं ‘हरकत नाही’ पत्र. पण ज्यांच्या शिक्षणावर अमेरिकी सरकारचा पैसा खर्च झाला आहे, त्यांना या मार्गाने सूट मिळणं फार अवघड असतं. त्या भरवशावर आयुष्याचा बेत आखू नका. बंधन लागू आहे का याची नोंद व्हिसावर आणि जे-1साठी मिळणाऱ्या डीएस-2019 या कागदावर असते. तिथे चूक झाल्यासारखी वाटली, तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे लेखी मत मागता येतं.

प्रत्येक देशाची रीत मात्र वेगळी. ब्रिटनच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीत नागरिकत्वाच्या देशात किमान दोन वर्षं परत राहायचं असतं. ऑस्ट्रेलिया अवॉर्ड्समध्ये किमान दोन वर्षं ऑस्ट्रेलियाबाहेर राहायचं असतं, आणि ते पाळलं नाही तर शिष्यवृत्तीवर झालेला एकूण खर्च तुमच्यावर कर्ज म्हणून येतो. ‘मायदेशी परतणे’ आणि ‘आमचा देश सोडणे’ या वेगळ्या अटी आहेत. तुमच्या पत्रात कोणता शब्द आहे, ते पेनाने अधोरेखित करून ठेवा.

परत येईन, पण नोकरीच मिळाली नाही तर?

पत्रात ‘परतणे’ आहे की ‘सेवा करणे’, ते बघा. परतण्याचीच अट असेल, तर पासपोर्टवरचे शिक्के आणि राहत्या पत्त्याचे पुरावे जपून ठेवले की पुरे. सेवेची अट असेल, तर नोकरी देण्याची जबाबदारी कोणाची, हे विचारा. चांगल्या करारात ‘प्रायोजकाने अमुक महिन्यांत जागा दिली नाही तर उमेदवार मुक्त’ असं कलम असतं. ते नसेल तर सहीआधी घालून मागा. संस्था नेहमीच नाही म्हणते असं नाही.

काकांना जामीनदार म्हणून सही करायची आहे. ही केवळ औपचारिकता आहे, असं संस्थेने सांगितलं.

काकांना सांगा, औपचारिकता असती तर सही मागितलीच नसती. ‘संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार’ असे शब्द असतील, तर संस्था तुम्हाला न विचारता थेट त्यांच्याकडे पूर्ण रक्कम मागू शकते. तुम्ही परदेशात असताना बहुधा तेच होतं, कारण त्यांचा पत्ता सापडायला सोपा. वर केलेला हिशेब त्यांच्यासमोर मांडा आणि हमीपत्रात जबाबदारीची कमाल रक्कम आकड्यात लिहून घ्या. ‘व्याज व इतर खर्चासह’ एवढंच लिहिलेलं असेल, तर त्या कागदावर त्यांनी सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि बाँड पूर्ण झाल्यावर मुक्ततेचं पत्र दोघांच्याही नावे मागा. तुमच्या एकट्याच्या नावे पत्र आलं, तर काकांचं मूळ हमीपत्र संस्थेच्या फाइलमध्ये तसंच पडून राहतं.