जीबीएस पॉझिटिव्ह आल्यावर प्रसूतीत काय बदलतं?

३६ व्या आठवड्यात स्वॅब घेतला, जीबीएस म्हणजे ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस या जंतूंसाठी पॉझिटिव्ह आलं. आता सिझर करावं लागेल का? गोळ्या आत्ताच का देत नाहीत?

नाही, फक्त यासाठी सिझर लागत नाही. हे जंतू अनेकींच्या आतड्यात आणि योनिमार्गात त्रास न देता राहतात. जपायचं असतं ते जन्मताना बाळाला.

आत्ता गोळ्या घेतल्या तरी कळा येईपर्यंत जंतू परत वाढू शकतात. म्हणून पेनिसिलिन प्रसूतीच्या वेळीच शिरेतून देतात, दाखल झाल्यावर पहिला डोस आणि मग बाळ होईपर्यंत दर ४ तासांनी. पहिला डोस जन्माच्या किमान ४ तास आधी मिळालेला बरा. त्यामुळे पाणी गेलं तर कळांची वाट बघत घरी थांबू नका, लगेच निघा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आजच सांगा, म्हणजे दुसरं औषध आधीच ठरेल.