चाक बदलण्याच्या पायऱ्या ऑडिओत

प्रश्न: मॅन्युअलमधला चाक बदलायचा भाग ऑडिओत करायचाय. ऐकणाऱ्याचे हात कामात असतील, तर पायऱ्या कशा सांगू?

उत्तर: छापील वाक्य साधारण असं असतं: 'गाडी जॅकवर उचलून नट काढा, ते उचलण्यापूर्वी सैल केलेले असावेत.' हे पूर्ण ऐकेपर्यंत माणूस जॅक फिरवायला लागलेला असतो, आणि हवेतल्या चाकाचा घट्ट नट फिरवू गेलं की चाकच फिरतं. म्हणून कामाच्याच क्रमाने बोला: 'गाडी अजून जमिनीवरच. पाना नटावर बसवा. घड्याळाच्या काट्यांच्या उलट अर्धा फेरा. नट काढू नका.' ('डावीकडे' म्हणू नका, पान्याचा दांडा खाली असेल तर घोटाळा होतो.) मग थांबा. सेकंद मोजून थांबणं फसतं, गंजलेला नट कितीही वेळ खातो. ऐकणारा 'पुढे' म्हणाला की मगच पुढची पायरी.