डोपामीनचे थेंब काढताना ५०० मिलीचा फॉर्म्युला का चुकतो – गणित मांडून, सरावासकट

प्रश्न: मी जीएनएम सेकंड इयर, कोल्हापूर. साधं सलाईन ८ तासात द्यायचं असलं की थेंब बरोबर येतात पण डोसवालं गणित आलं की गडबडते. उदा. पेशंट ६० किलो, ऑर्डर डोपामीन ५ मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट, ४०० मिग्रॅ ५०० मिली एनएसमध्ये. मी ५०० मिली ८ तास धरून २१ थेंब काढले, मॅडम म्हणाल्या पूर्ण चूक. कुठं चुकलं? कोणी ताई नीट सांगाल का?

उत्तर:

तुझा फॉर्म्युला चुकीचा नाहीय गं, तो चुकीच्या जागी लावलायस. मिली गुणिले सेटचा ड्रॉप फॅक्टर भागिले मिनिटं, हे तेव्हाच चालतं जेव्हा डॉक्टरांनी वेळ सांगितलेली असते. ५०० मिली ८ तासात, २० थेंबवाला सेट, म्हणजे ५०० × २० ÷ ४८०, येतात २०.८, धर २१. इथवर सगळं ठीक. पण डोपामीनच्या ऑर्डरमध्ये ८ तास कुठं लिहिलेत सांग बघू? ते तू सवयीनं घातलेस. डोसच्या ऑर्डरमध्ये बाटली किती तास चालणार हे आधी माहितच नसतं, ते गणिताच्या शेवटी निघतं.

आणि हे नुसते मार्क जायचं प्रकरण नाही. ८ तासात बाटली संपवली तर तासाला ६२.५ मिली जाणार, त्यातून डोपामीन ५० मिग्रॅ, म्हणजे मिनिटाला ८३३ मायक्रोग्रॅम, ६० किलोनं भागलं की जवळपास १४ मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट. सांगितलेत ५ आणि जातायत १४. या डोसला रक्तवाहिन्या आवळायला लागतात, हार्टरेट वर पळतो, ऱ्हिदम बिघडू शकतो. म्हणून मॅडम पूर्ण चूक म्हणाल्या.

आता नीट मांडूया. मी स्टुडंट्सना कायम चार ओळीत मांडायला लावते, एका ओळीत सगळं कोंबलं की ६० चा एक आकडा हमखास गळतो, कारण यात ६० तीनदा येतं, एकदा वजन, एकदा मिनिटाचे तास करताना आणि एकदा मायक्रो सेटचा ड्रॉप फॅक्टर.

पहिली ओळ, या पेशंटला मिनिटाला किती औषध. ५ × ६० किलो = ३०० मायक्रोग्रॅम.

दुसरी, तासाला किती, आणि लगेच मिग्रॅमध्ये. ३०० × ६० = १८००० मायक्रोग्रॅम, हजारानं भागायचं, १८ मिग्रॅ. हे हजारानं भागणं इथंच उरकून टाक, पुढं ढकललं की विसरतं. बाटलीवर मिग्रॅ लिहिलेलं असतं आणि ऑर्डर मायक्रोग्रॅममध्ये असते, दोन्ही एका मापात आल्याशिवाय पुढं जायचंच नाही.

तिसरी, बाटलीतल्या १ मिलीत किती औषध. ४०० ÷ ५०० = ०.८ मिग्रॅ. मग १८ मिग्रॅसाठी किती मिली लागणार? १८ ÷ ०.८ = २२.५ मिली तासाला. खरं उत्तर हे आहे बघ. पंप असेल तर हाच आकडा पंपावर घालायचा आणि थेंबांचा विषय संपला.

चौथी ओळ फक्त पंप नसेल तेव्हा. मायक्रो सेट असेल तर १ मिलीचे ६० थेंब, तासाची मिनिटं पण ६०, दोन्ही कटतात, म्हणून तासाला जेवढे मिली तेवढेच मिनिटाला थेंब, २२.५. साधा २० वाला सेट असेल तर २२.५ × २० ÷ ६०, म्हणजे नुसतं ३ नं भाग, ७.५ थेंब. आणि बाटली किती वेळ चालणार? ५०० ÷ २२.५, २२ तासांच्या थोडं वर. तू ८ धरले होतेस.

अर्धा थेंब काय करायचा हे सगळे विचारतात. २२ ठेवलेस तर डोस ४.९ बसतो, २३ ठेवलेस तर ५.१. दोन्ही चालण्यासारखे, परीक्षेत २३ लिही. तसंही डोपामीन एकदा लावलं आणि सोडून दिलं असं नसतं, बीपी बघून डॉक्टर डोस वरखाली करणारच. फक्त पूर्णांक शेवटच्या ओळीतच करायचा, मधे कुठं नाही.

आता उलटं जाऊन बघायचं, हे मी कधीच सोडू देत नाही. २२.५ मिली × ०.८ = १८ मिग्रॅ, म्हणजे १८००० मायक्रोग्रॅम, भागिले ६० मिनिटं ३००, भागिले ६० किलो ५. ऑर्डरचा आकडा परत आला म्हणजे गणित बरोबर. नाही आला तर जो आला त्यावरून चूक कुठाय ते कळतं, ६० पट आला तर मिनिट-तास राहिलेत, हजारपट आला तर मायक्रोग्रॅम-मिग्रॅ.

कागदावर सगळं बरोबर येऊन बेडजवळ चुकतं ते सेटमुळं. समज तू मायक्रोचे २२ थेंब काढलेस आणि हाताशी होता तो साधा सेट लावला. आकडा तोच, थेंब तेवढेच पडतायत, बघणाऱ्याला सगळं नीट दिसतं. पण साध्या सेटचा थेंब तिप्पट मोठा. २२ थेंब म्हणजे तासाला ६६ मिली, डोस १४.७. म्हणजे सेट चुकला की परत तुझ्या ८ तासांच्या उत्तरापाशीच येऊन पोचतो आपण. ड्रॉप फॅक्टर सेटच्या पाकिटावर छापलेला असतो, पाकीट टाकायच्या आधी तो वाचायचा. आपल्याकडं साधा सेट बहुतेक २० चा मिळतो, पण परदेशी पुस्तकातल्या गणितात १५ आणि १० पण असतात, तर प्रश्नात दिला असेल तोच धर. पाकीट नसेल तर चेंबर न उघडता बाहेरूनच आत बघ, मायक्रोत थेंब सुईसारख्या बारीक नळीतून पडतो, ते डोळ्याला लगेच दिसतं.

साध्या सेटवर ७.५ थेंब का चालवत नाहीत तेही सांगते. ७ आणि ८ मध्ये एकाच थेंबाचा फरक, पण डोसमध्ये तो १३-१४ टक्के. मायक्रोवर एका थेंबाचा फरक ४-५ टक्केच. म्हणून असलं औषध पंपावर, नाहीतर निदान मायक्रोवर.

मोजण्याबद्दल पण एक सांगते कारण हे पुस्तकात कमी येतं. १५ सेकंद मोजून ४ नं गुणायची सवय सगळ्यांना असते, १०० थेंबांना ठीक आहे, पण २२ थेंबांना १५ सेकंदात साडेपाच पडतात, एक थेंब चुकला की मिनिटाला चारचा फरक. त्यापेक्षा पूर्ण मिनिट मोज. किंवा १० थेंबांना किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघ, एक थेंब पडला तिथं शून्य म्हण आणि दहावा पडेपर्यंत मोज, ६०० ला थेंबांनी भागलं की सेकंद येतात, २२.५ ला सुमारे २७ सेकंद. रोलर हळू फिरवून २७ च्या आसपास आणायचं. आणि लावलं की पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, कारण नळी दबून रोलरखाली सैल होते, पेशंट हात दुमडतो, बेड वरखाली करतात, बाटलीची उंची बदलते, या सगळ्यानं रेट हलतो. गगनबावडा किंवा राधानगरीकडनं पेशंट ॲम्ब्युलन्सनं कोल्हापूरला आणताना तर रस्त्यात चेंबर इतका हलतो की मोजणं मुश्किल, गाडी थांबली की आधी थेंब आणि बीपी बघायचं. हातावर कॅन्युलाच्या जागी सूज, पांढरटपणा, गारवा, दुखणं दिसलं तर लगेच बंद करून डॉक्टरांना सांगायचं, डोपामीन शिरेबाहेर गेलं की तिथली कातडी मरू शकते.

डोपामीनच्या अँप्यूलवर २०० मिग्रॅ ५ मिलीत असं असतं, म्हणजे ४०० साठी दोन, १० मिली. ते बाटलीत घातले की ५१० मिली होतात, फरक २ टक्क्यांचा. काही वॉर्डात आधी १० मिली काढून मग घालतात. परीक्षेत ५०० दिलेत तर ५००. वॉर्डात मात्र तिथली पद्धत, आणि दुसऱ्या सिस्टरनं स्वतंत्र गणित करून बघितल्याशिवाय चालू करायचं नाही, तुझा कागद बघून हो म्हणायचं नाही, तिनं तिचं मांडायचं.

आता चार गणितं देते. आधी खालची उत्तरं झाकून ठेव आणि सोडव.

१. वरचाच पेशंट, डोस तोच, पण रात्री नवीन बाटली लावली ती ४०० मिग्रॅ २५० मिलीत. मायक्रो सेटला किती थेंब?

२. हेपारीन २५००० युनिट ५०० मिलीत, ऑर्डर तासाला १००० युनिट. मायक्रोला किती, २० च्या सेटला किती?

३. ऑक्सिटोसिन ५ युनिट ५०० मिली आरएलमध्ये, ऑर्डर मिनिटाला ४ मिलीयुनिट, सेट २० चा. थेंब किती?

४. उलटं गणित. डोब्युटामीन २५० मिग्रॅ २५० मिलीत, पेशंट ५० किलो, मायक्रो सेटवर २४ थेंब चालू आहेत. डोस किती जातोय?

उत्तरं:

१. १ मिलीत १.६ मिग्रॅ, १८ ÷ १.६ = ११.२५, म्हणजे ११ थेंब. पहिल्या दोन ओळी बदलल्याच नाहीत बघ, पेशंट तोच आहे. जुन्या बाटलीचे २२ तसेच ठेवले असते तर डोस दुप्पट गेला असता, म्हणून ड्यूटी बदलताना थेंब सांगायचे नाहीत, बाटलीतलं प्रमाण आणि मिली/तास सांगायचं.

२. १ मिलीत ५० युनिट, १००० ÷ ५० = २० मिली/तास. मायक्रोला २०, साध्याला ६.७, धर ७. इथं वजन नाही, मिनिट नाही, पहिल्या दोन ओळींची गरजच नाही, तरी बरीच मुलं सवयीनं ६० नं गुणतात.

३. ५ युनिट म्हणजे ५००० मिलीयुनिट, १ मिलीत १०. मिनिटाला ४ पाहिजेत म्हणजे ०.४ मिली, × २० = ८ थेंब. ऑर्डर मिनिटाची असली आणि वजन नसलं की तासात न जाता सरळ असं करता येतं, पंपावर घालायचं असेल तर २४ मिली/तास.

४. २४ थेंब म्हणजे २४ मिली/तास, १ मिलीत १ मिग्रॅ, म्हणून २४ मिग्रॅ, २४००० मायक्रोग्रॅम, ÷ ६० = ४००, ÷ ५० = ८ मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट. दुसऱ्या वॉर्डातून पेशंट आला की चालू ड्रिपवर हेच गणित करून बघायचं आणि केसपेपरवरच्या ऑर्डरशी जुळवायचं. नाही जुळलं तर रोलरला हात लावायच्या आधी बीपी आणि पल्स घे, आकडे हातात घेऊन डॉक्टरांना फोन कर.