कडेचा गेज खोटे बोलत नव्हता

प्रश्न: दांड्याच्या टोकावर भार दिला की टोकाजवळ स्ट्रेस असमान का असतो, आणि पुढे गेल्यावर तो सगळीकडे सारखा कसा काय होतो?

उद्यमनगरातल्या एका कारखान्यात याच गोष्टीवरून माझ्या वरिष्ठांशी वाद झाला होता आणि तो मी अजून सोडलेला नाही. ५० मिमी रुंद, १० मिमी जाड माइल्ड स्टीलची पट्टी उभी करून, वरच्या टोकाच्या मधोमध अरुंद टेकू ठेवून आम्ही ती २० किलोन्यूटनने दाबली. भार भागिले क्षेत्रफळ, म्हणजे P/A प्रमाणे ४० न्यूटन प्रति चौरस मिमी, म्हणजे सुमारे २०० मायक्रोस्ट्रेन यायला हवा होता. पण टोकाखाली साडेबारा मिमीवर कडेला लावलेला स्ट्रेन गेज जेमतेम ४० दाखवत होता. साहेब म्हणाले, "गेज नीट चिकटलेला नाही, खरवडून काढा." दोनदा काढला, पॉलिश पेपर मारून, ॲसिटोनने पुसून पुन्हा लावला, तरी रीडिंग तेच. मग आणखी एक गेज मी न विचारता कडेलाच ५० मिमीवर लावला. तो १९५ दाखवू लागला!

कड मोकळी असल्याने तिथे आडवा स्ट्रेस नसतो, म्हणून ४० मायक्रोस्ट्रेन म्हणजे सरळ ८ न्यूटन प्रति चौरस मिमी. त्याच पातळीवर पट्टीच्या मध्यात हिशोबाने १०३ येतो. टेकूखालचा धातू दबतो, कडेचा जवळपास तसाच राहतो, आणि दोघे एकमेकांना जोडलेले असल्याने त्यांच्यामध्ये शिअर निर्माण होतो. तोच शिअर भार मधून कडेकडे सरकवतो. सरासरीपेक्षा मध्यात एकूण जेवढे बल जास्त, तेवढेच कडांकडे कमी, म्हणजे या फरकाचे निव्वळ बल शून्य आणि मोमेंटही शून्य. खालच्या धातूला त्याचा तोल सांभाळावाच लागत नाही, म्हणून तो फरक जागच्या जागी मिटत जातो. २५ मिमीवर कडेला २७, ५० मिमीवर ३९: एका रुंदीएवढ्या अंतरात काम संपते. सेंट-व्हेनांटने हे तत्त्व १८५५ मध्ये मांडले. आमच्या रिपोर्टात मात्र "पहिला गेज सदोष" असेच लिहिले गेले.

सरासरी स्ट्रेस मोजायचा असेल तर गेज टोकापासून निदान एक रुंदी दूर लावावा, आणि टोकाजवळच्या रीडिंगला सदोष ठरवण्याआधी त्याच पातळीवर मध्यात दुसरा लावून पाहावा. आम्हाला तेवढी उसंत दिली गेली नाही.

मात्र दोन गोष्टी सांगायला हव्यात. टेकू मध्यापासून सरकला तर मोमेंट शून्य राहत नाही, आणि त्याचा वाक कितीही दूर गेले तरी मिटत नाही. पातळ भिंतीच्या चॅनेल किंवा आय सेक्शनमध्ये तर फरक मिटायला रुंदीच्या कितीतरी पट अंतर लागू शकते, तिथे माझा एका रुंदीचा नियम वापरू नये.