शिष्यवृत्ती लागली, पैसे कुठे आहेत?

प्रिय मुली,

शिष्यवृत्ती मिळणार म्हणून घरी सगळे निर्धास्त झालेत, असं तू लिहिलंयस. वाचून आनंद झाला, पण थोडी धास्तीही वाटली. कॉलेजात शिष्यवृत्तीचे अर्ज तपासायचं काम मी बरीच वर्षं केलं. गुणांत बसणारी, उत्पन्नात बसणारी आणि तरीही रिकाम्या हातांनी राहिलेली सत्तरी तालुक्यातली मुलं माझ्या चांगली लक्षात आहेत.

तू म्हणतेस ती केंद्र सरकारची कॉलेजातल्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती योजना. बारावीला आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत वरच्या वीस टक्क्यांत यावं लागतं आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत लागतं. जागा मोजक्या, त्यामुळे बसलीस म्हणून मिळेलच असं नाही. मिळाली तर पदवीची तीन वर्षं दरवर्षी 12,000 रुपये, म्हणजे महिन्याला हजार. वाळपईला बस बदलून पणजीला यायला आणि परतायला रोजचे शंभर धरलेस, तरी महिन्याचे बावीसशे होतात. म्हणून कदंबच्या बसचा विद्यार्थी पास आधी काढ. शिवाय हे पैसे जूनमध्ये येत नाहीत. अर्ज, कॉलेजची तपासणी, त्यावरची तपासणी हे सगळं होऊन ते येतात, तेव्हा वर्ष बरंच सरलेलं असतं. बाबांनी हे पैसे पहिल्या फीसाठी धरले असतील तर आजच सांग. फी हप्त्यांनी भरू द्या, असा लेखी अर्ज प्राचार्यांकडे करून बघ. तोंडी विचारून ‘नाही’ ऐकून येऊ नकोस.

आता खरा अडथळा सांगते. माझ्याकडे एक मुलगी होती, आडनाव गावकर. दहावीच्या गुणपत्रिकेवर Gaonkar, आधारवर Gaunkar. आपल्याकडे एकाच घरात तीन स्पेलिंग सापडतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. संगणकाला मात्र ती दोन माणसं वाटतात. तिचा अर्ज परत आला. अर्ज भरायच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर Defective, म्हणजे सदोष, असा शेरा आणि कारण इंग्रजीत दोन ओळी. तिला वाटलं अर्ज भरला, आता वाट बघायची. तिने पुन्हा लॉगिन केलंच नाही आणि दुरुस्तीची मुदत टळून गेली. घरात आधी कुणी असला अर्ज भरला असता, तर ‘बघितलंस का गो?’ असं कुणीतरी विचारलं असतं. तेवढं विचारणारंच कुणी नव्हतं.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका मुलाचं नाव जुळलं, अर्जही मंजूर झाला, पण खात्यात काही नाही. पासबुक घेऊन बँकेत चार खेपा. बँक म्हणे, आधार जोडलेलं आहे. ते खरंच होतं, पण सरकारी पैसे आधारवरून ज्या एका खात्यात जातात, ते खातं हे नव्हतं. मोबाईलचं सिम घेताना त्याच्या नकळत एक खातं उघडलं गेलं होतं आणि पैसे तिथे पडून होते. हे घरबसल्या कळतं. आधारच्या myAadhaar या संकेतस्थळावर Bank Seeding Status उघड. तिथे ज्या बँकेचं नाव दिसेल तिथेच पैसे जाणार. भलतीच बँक दिसली तर आपल्या शाखेत जाऊन ‘सरकारी अनुदान याच खात्यात हवं’ असं लिहून दे. नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हणालीस तर ते केवायसी करतील आणि तुला घरी पाठवतील.

म्हणून क्रम उलटा करू नकोस. आधी आधारवरचं नाव गुणपत्रिकेप्रमाणे करून घे. ते आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा पावतीवरचं एकेक अक्षर वाचूनच सही कर. मग खातं, मग पोर्टलवरची नोंदणी, आणि अर्ज सगळ्यांत शेवटी. त्यानंतर मुदत संपेपर्यंत दर सोमवारी लॉगिन करून बघ.

उत्पन्नाचा दाखला मामलेदार कचेरीतून. बाबांचे काजूचे पैसे हंगामात येतात, ते कुणी लिहून ठेवत नाही, आणि खिडकीवर आकडा विचारला की माणूस गडबडतो. काय सांगायचं ते घरीच दोघांनी बसून ठरवा. खरं तेच सांगा.

एक गोष्ट कुणी आधीच सांगत नाही. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला निम्मे गुण आणि 75 टक्के हजेरी लागते. तुझी पहिली बस चुकली की पहिला तास गेला, आणि पावसाळ्यात ती किती वेळा चुकेल हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. वेळापत्रक लागलं की पहिल्या तासाच्या शिक्षकांना बसची वेळ सांगून ठेव. यात लाजण्यासारखं काही नाही. वसतिगृहाचा अर्जही टाकून ठेव, अनामत किती आणि परत कधी मिळते हे विचारून.

शनिवारी आधार, दहावीची गुणपत्रिका आणि पासबुक घेऊन ये. तिन्ही समोरासमोर ठेवून वाचूया. दाखल्याचं नंतर बघू.

तुझी,
टीचर