वीकली ऑफ बदलून घ्यायची चिठ्ठी

रविवारी मामेबहिणीचं लग्न आहे, माझा ऑफ गुरुवारी असतो. सुपरवायझरला काय लिहू?

आधी बदली माणूस पक्का कर, मग असं लिही: "सर, रविवारी 13 ला मामेबहिणीचं लग्न आहे, माझा गुरुवार 10 चा ऑफ रविवारी मिळावा. गुरुवारी मी फर्स्टला येतो, रविवारी माझ्या मशीनवर सचिन उभा राहील आणि त्याचा रविवारचा ऑफ तो गुरुवारी घेईल, खाली त्याची सही आहे."

सही खरंच घे हं, माझं नुसतं तोंडी ठरलेलं आणि मस्टरवर खाडा लागला. यात 4 ते 12 तुझे सुट्टीशिवाय सलग 9 दिवस होतात, म्हणून ऑफ याहून पुढे ढकलू नको.