‘वत्तानह’चा धातू कोणता?

प्रश्न: उत्पत्ती 8:4 मध्ये तारू अरारातच्या डोंगरांवर टेकले, तिथे मूळ हिब्रूत ‘वत्तानह’ आहे. पुढचे ‘व’ आणि ‘त’ काढले की नून आणि हेत ही दोनच अक्षरे उरतात. मी ‘नाहा’, म्हणजे वाट दाखवणे, हा धातू धरला. पण अर्थ जुळत नाही. हरवलेले तिसरे अक्षर कसे ओळखायचे?

तिसरे अक्षर वाव आहे आणि ते मधले आहे. धातू नून-वाव-हेत, ‘नूअह’: टेकणे, विसावणे. वाव दिसत नसले तरी त्याची खूण ‘ता’ या अक्षरात शिल्लक आहे.

कथनात हिब्रू क्रियापद आखूड होते आणि दुबळी अक्षरे गळतात. अशा वेळी उरलेल्या व्यंजनांपेक्षा पुरुषवाचक उपसर्गाचा स्वर पाहावा. शीन आणि बेत या दोन अक्षरांवर हे फार स्वच्छ दिसते. याच अध्यायाच्या 9व्या ओळीत कबुतर तारवाकडे परतते, तिथे ‘वत्ताशोव’ आहे. उत्पत्ती 21:16 मध्ये हागार मुलापासून दूर जाऊन बसते, तिथे ‘वत्तेशेव’. स्वरचिन्हे काढली तर दोन्ही शब्द अक्षरशः एकच. पहिल्यात ‘ता’ आहे, म्हणून मधले वाव गेलेले: शूव, परतणे. दुसऱ्यात ‘ते’ आहे, म्हणून पहिले योद गेलेले: याशव, बसणे. गणना 21:1 मध्ये अरादचा राजा इस्राएलातले काही लोक कैद करतो, तिथे त्याच दोन अक्षरांचे ‘वय्यिश्ब’ होते. तिथे ‘यि’ ऱ्हस्व आहे, म्हणून शेवटचे ‘हे’ अक्षर गळलेले: शावा, कैद करणे.

आता तुमची ओळ. ‘नाहा’च्या शेवटी ‘हे’ अक्षर आहे, म्हणजे तो ‘शावा’च्या वर्गातला. त्याच्या साध्या रूपात उपसर्गाला ऱ्हस्व ‘इ’ यायला हवी, प्रयोजकात ऱ्हस्व ‘अ’. दीर्घ ‘ता’ त्यात बसत नाही. ती बसते पोकळ धातूत, म्हणजे ज्याच्या मध्यभागी वाव किंवा योद असते त्यात.

तरीही शंका राहते ती ‘न’मुळे. ‘कूम’ (उठणे) या पोकळ धातूचे कथनरूप ‘वय्याकोम’ होते, मग इथे ‘वत्तानोह’ का नाही? कारण हेत हा कंठ्य वर्ण आहे. आघात मागे ‘ता’वर सरकतो, शेवटचा ‘ओ’ ऱ्हस्व आणि निराघात उरतो, आणि कंठ्य वर्णाच्या शेजारी तो ‘अ’ होतो. म्हणजे या एका शब्दात दोन दुबळेपणा एकत्र आले आहेत: पोकळपणाने वाव नेले आणि हेतने स्वर बदलला. ओळखताना म्हणूनच आधी ‘ता’ पाहावी आणि शेवटच्या ‘अ’वर भरवसा ठेवू नये.

एक अडचण मात्र खरी आहे. ज्यांची शेवटची दोन अक्षरे सारखी, ते धातूही असेच दिसतात: ‘सावव’ (वळसा घालणे) याचे ‘वय्यासोव’. फरक अनेकवचनात कळतो. ‘वय्यासोब्बू’त बेत द्वित्त होते, ‘वय्याकूमू’त मधला ‘ऊ’ परत येतो. अनेकवचन हाताशी नसेल तर त्याच धातूचे भावरूप किंवा नाम शोधावे. इथे ते दूर नाही: 9व्या ओळीत कबुतराला पाय टेकायला जागा मिळत नाही, तिथला शब्द ‘मानोअह’, आणि त्यात वाव लिहिलेले आहे. गणना 11 मध्ये तर पुरावा शेजारीशेजारीच सापडतो. 25व्या ओळीत आत्मा वडीलजनांवर उतरताच, ‘केनोअह’, वाव स्पष्ट. आणि 26व्या ओळीत तीच गोष्ट सांगताना ‘वत्तानह’, वाव गायब. मला या धातूसाठी याहून चांगली जोडी माहीत नाही.

शब्दकोशात पाहताना एक लक्षात ठेवा: इतर धातू भूतकाळाच्या तृतीयपुरुषी एकवचनी रूपाने ओळखले जातात, पण पोकळ धातू भावरूपाने, म्हणजे ‘नाह’खाली नव्हे, ‘नूअह’खाली.

धातू सापडला तरी अर्थ लगेच हाती येईलच असे नाही. पोकळ धातूचे प्रयोजक कथनरूप एरवी वेगळे असते: ‘वय्याकोम’ म्हणजे उठला, ‘वय्याकेम’ म्हणजे उठवले. पण हेतपुढे ‘ए’चाही ‘अ’ होतो आणि हा भेद पुसला जातो. निर्गम 10:14 मध्ये टोळ मिसरभर बसले, तिथे ‘वय्यानह’ साधे आहे. 2 इतिहास 20:30 मध्ये देवाने यहोशाफाटला चहूकडून विसावा दिला, तिथे तेच ‘वय्यानह’ प्रयोजक आहे. रूप पाहून काहीच ठरत नाही. ‘त्याला’ या अर्थाचा ‘लो’ पुढे आला, कर्ता देव आहे, यावरूनच ठरवावे लागते. तुमच्या ओळीत कर्ता तारू, त्यापुढे ‘अरारातच्या डोंगरांवर’, आणि कर्म कुठेच नाही. म्हणून साधा अर्थ: टेकले.